केळी पॅकहाऊस: बाजारात ४५० रोज चालू असताना ५५० दिला तर परवडतं का?

फणीवाला (रावेर)
निर्यातीच्या केळीचं पॅकहाऊस आहे. २४ माणसं आणि दिवसाला साधारण ६०० बॉक्स, म्हणजे महिन्याच्या २६ दिवसांत १५,६०० बॉक्स. आजूबाजूला रोज ४५० चालू आहे आणि महिन्याला सरासरी सहा जण सोडून जातात. भागीदाराचं म्हणणं, रोज ५५० करू, माणसं टिकतील आणि मन लावून काम करतील. माझ्या मते हे १०० रुपये फुकट जातील. अर्थशास्त्रात 'कार्यक्षमता वेतन' म्हणून याच्यावर काही विचार झालेला आहे असं ऐकलं. ज्यांना माहिती आहे त्यांनी हिशेबासकट सांगावं. "माणसाला माणूस समजा" वगैरे मला मान्यच आहे, ते सोडून.

तापीकाठ
सोपं आहे भाऊ. हेन्री फोर्डने १९१४ मध्ये रोज एकदम पाच डॉलर केला, आधीच्या जवळपास दुप्पट. कारण काय, तर त्याच्याच कामगारांनी त्याची गाडी विकत घ्यावी. पगार वाढला की खप वाढतो आणि मालकाचाच फायदा होतो. द्या ५५०.

अर्थमूळ
तापीकाठ, वर्ष आणि आकडा बरोबर, कारण चुकलं. फोर्डकडे तेव्हा सुमारे १४ हजार कामगार होते आणि गाड्या विकल्या जात होत्या वर्षाला दोन लाखांच्या वर. सगळ्या कामगारांनी एकेक गाडी घेतली असती तरी त्या खपातून पगारवाढीचा खर्च निघाला नसता. शिवाय फणीवाल्यांचे मजूर काही इराणला जाणारी केळी विकत घेणार नाहीत.

फोर्डचं खरं दुखणं हजेरीपुस्तकात होतं. १९१३ साली त्या १४ हजार जागा भरलेल्या ठेवायला त्याला वर्षभरात ५० हजारांहून जास्त माणसं भरती करावी लागली. गळती ३७० टक्के. रोज दहातला एक जण खाडा करायचा. सरकत्या पट्ट्यावर एक माणूस नाही म्हणजे पुढची सगळी रांग खोळंबते. पाच डॉलर जाहीर झाल्यावर १९१५ पर्यंत गळती १६ टक्क्यांवर आली.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ते पाच डॉलर सरळ मिळत नव्हते. साधारण निम्मा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता, त्यासाठी सहा महिने नोकरी झालेली असावी लागे, आणि कंपनीचे तपासनीस घरी जाऊन माणूस दारू पितो का, बचत करतो का हे बघून यायचे. म्हणजे जास्त पगार होता, पण सोबत अट होती आणि नजरही होती. हे तिन्ही एकत्र होतं हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फणीवाला, हिशेबाला दोन गोष्टी हव्यात. एक माणूस सोडून गेला तर तुमचे नेमके किती जातात? आणि नवा माणूस हाताला यायला किती दिवस लागतात?

सरकारी_नियम
४५० मुळात कायद्यात बसतो का? किमान वेतनाचं परिपत्रक बघा आधी. सरकार जे ठरवतं ते दिलं की विषय संपला.

अर्थमूळ
तो वेगळा विषय आहे साहेब. किमान वेतन ही कायद्याची खालची रेघ, ती पाळायचीच. इथला प्रश्न असा आहे की बाजारात ४५० ला माणूस मिळत असताना मालक स्वतःहून, कुणी सांगितलेलं नसताना, जास्त का देतो आणि ते त्याला कधी परवडतं.

फणीवाला (रावेर)
नव्या माणसाला १२ दिवस लागतात. त्या काळात काम निम्मं होतं, दिवसाला २५ च्या जागी १२-१३ बॉक्स. फणी कापताना सुरी लागते, तुरटीच्या पाण्यातून काढून आपटतो, चीक नीट निघत नाही. जुन्या माणसाचे १०० तले ३ बॉक्स खराब निघतात, नव्याचे ८. एक बॉक्स नाकारला की साधारण १५० रुपये जातात, कारण तोच माल मग लोकल बाजारात द्यावा लागतो. आणि शिकवायला एक जुना माणूस तीन दिवस अर्धा अर्धा वेळ अडकतो.

अर्थमूळ
छान, एवढं पुरे. एका गळतीचा खर्च काढू.

१२ दिवस निम्मं काम म्हणजे ६ दिवसांचा रोज पाण्यात: २,७००. या १२ दिवसांत तो १५० बॉक्स भरतो, त्यात ५ टक्के जादा खराब म्हणजे साडेसात बॉक्स, गुणिले १५०: १,१२५. शिकवणाऱ्याचा दीड दिवस: ६७५. एकूण ४,५००.

आता समजा ५५० केल्यावर महिन्याला सहाच्या जागी दोनच गेले. वाचले चार गुणिले ४,५०० = १८,०००. आणि वाढीचा खर्च? १०० × २४ × २६ = ६२,४००.

म्हणजे नुसत्या गळतीच्या बचतीवर हे गणित बसत नाही, ४४,४०० ची खोट राहते. बरेच जण "माणसं टिकतील" एवढ्यावर पगार वाढवतात आणि सहा महिन्यांनी परत फिरतात ते इथेच. जिथे शिकायला सहा-आठ महिने लागतात तिथे गळतीच सगळा खर्च भरून काढते. १२ दिवसांच्या कामात नाही.

उरलेले ४४,४०० कामाच्या दर्जातून यायला हवेत. १५,६०० बॉक्सवर वाटले तर बॉक्समागे २ रुपये ८५ पैसे. नाकारलेल्या बॉक्सला १५० जात असतील तर नाकारण्याचं प्रमाण १.९ टक्क्यांनी उतरायला हवं, म्हणजे आज ५ असेल तर ३.१ वर. हा तुमचा खरा प्रश्न. १०० रुपयांनी हातातली फणी तेवढी हळू ठेवली जाईल का?

चोपडेकर_ताई
अर्थमूळ दादा, एक राहिलं. २४ माणसं आहेत म्हणजे पीएफ लागू. ५५० गुणिले २६ म्हणजे १४,३००, पंधरा हजारांच्या मर्यादेच्या आतच, म्हणून वाढलेल्या प्रत्येक रुपयावर मालकाचे १३ पैसे धरा (प्रशासन खर्च आणि विम्यासकट). ईएसआय असेल तर वर आणखी सव्वातीन. ६२,४०० वर सव्वासोळा टक्के म्हणजे १०,१४० जादा. मग खोट ५४,५४० होते, बॉक्समागे साडेतीन रुपये, आणि नाकारणं २.३ टक्क्यांनी उतरावं लागेल. पाचावरून २.७ वर. तुमचा जुना माणूसही ३ वर आहे हे बघा, म्हणजे जुन्यांनाही सुधारावं लागेल.

अर्थमूळ
ताई, बरोबर. माझ्या हिशेबात ते यायला हवं होतं. आणि शेवटचं वाक्य तर सगळ्यात महत्त्वाचं.

तापीकाठ
मग थेट बॉक्सवर पैसे द्या ना. २२ रुपये बॉक्स. जो जास्त भरेल तो जास्त नेईल. एवढा गुंता कशाला?

मुकादमाचा_पोर
बॉक्सवर दिलं की फणी टाकतात, ठेवत नाहीत. डाग तेव्हा दिसतच नाही. हिरव्या सालीवर काही कळत नाही, पिकल्यावर काळं पडतं. तोपर्यंत माल समुद्रापार गेलेला असतो आणि पैसे घेऊन टोळी दुसरीकडे.

अर्थमूळ
हे अगदी नेमकं आलं. बॉक्स मोजता येतात, हळुवार हात मोजता येत नाही. जे मोजता येतं त्यावर पैसे लावले की माणूस तेच वाढवतो आणि न दिसणारं सोडून देतो. जास्त ठरावीक रोज देण्याची कल्पना अशाच कामासाठी आहे, जिथे कसूर उशिरा आणि कधीतरीच पकडली जाते. उलट ज्याचं काम संध्याकाळी ढिगाऱ्यावरून सरळ मोजता येतं, त्याला बाजारभावाने नगावर द्यावं, वर देण्याचं काही कारण नाही.

शापिरो आणि स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हे मजुराच्या बाजूने मांडलं. ते मी तुमच्या आकड्यांत सांगतो. समजा निष्काळजीपणे काम केलं तर माणसाला दिवसाला ४० रुपयांइतका त्रास वाचतो. महिन्याला १,०४०. आणि पकडला जाऊन कामावरून गेला तर? रावेरात दुसऱ्या दिवशी ४५० ने काम मिळतंच. म्हणजे ४५० देणाऱ्याकडून काढून टाकलं तर त्याचं काहीच जात नाही! तुम्ही ५५० देत असाल तर रोजचे १०० जातात. तो आणखी २०० हजेऱ्या करणार असेल तर २०,००० जातात.

आता महिन्यात पकडलं जाण्याची शक्यता ५ टक्के असेल तर सरासरी तोटा १,०००. वाचतात १,०४०. तो निष्काळजीच राहणार. शक्यता १० टक्के केली की तोटा २,००० आणि हात आपोआप हळू होतो. तुम्ही पकड न वाढवता हेच साधायला गेलात तर १०० च्या जागी २०० वाढवावे लागतील. पगार आणि पकड एकमेकांची भरपाई करतात, पण पकड शून्य असेल तर पगार कितीही वाढवा, उपयोग शून्य.

जिनिंग_दोंडाईचा
भाऊ, हाई गणित मन्हा डोकावरथीन गयं. पण आमच्या जिनिंगचं सांगतो. कापूस दिवाळीच्या आसपास येतो, मार्च-एप्रिलला खेळ खल्लास. आम्ही पण बाजारापेक्षा ५० जास्त देतो. डिसेंबरात माणसं चांगली, मार्चात तीच माणसं रुईत कचरा जाऊ देतात. पैसे तर तेवढेच देतोय, मग असं का?

अर्थमूळ
तुम्ही उत्तर जवळजवळ लिहिलंच आहे. डिसेंबरात त्याच्यापुढे ९०-१०० हजेऱ्या असतात, काढून टाकलं तर ५० प्रमाणे पाच हजार जातात. मार्चात २० हजेऱ्या उरल्या तर फक्त एक हजार, तेही १० टक्के शक्यतेने, म्हणजे मनातल्या हिशेबात १००. तेवढ्याच दिवसांत निष्काळजीपणाने ८०० वाचतात. जादा रोजाचा धाक पुढे उरलेल्या दिवसांवर उभा असतो. दिवस संपत आले की धाक संपतो.

हंगामी कामात म्हणूनच जादा पैशाचा काही भाग शेवटी ठेवतात. ५० तले २५ रोज द्या आणि २५ हंगाम संपल्यावर, किंवा पुढच्या हंगामाला त्याच माणसांना आधी बोलावण्याचा शब्द द्या आणि पाळा. पण शेवटी ठेवलेले पैसे मालकाने बुडवल्याचं एकदा जरी गावात पसरलं, तर पुढच्या वर्षी ते २५ रुपये मजुराच्या हिशेबात शून्य धरले जातात.

मुकादमाचा_पोर
आमच्याकडे त्यापेक्षा उचल चालते. हंगामाआधी पैसे दिले की माणूस बांधला जातो. जादा रोज द्यायची गरजच नाही.

चोपडेकर_ताई
उचल माणसाला जागेवर ठेवते, हात हळू करत नाही. त्याला काढून टाकलं तर तुमचेच पैसे बुडतात, म्हणजे धाक उलटा तुमच्यावरच. आणि फिटेपर्यंत जाऊ द्यायचं नाही असं केलंत तर १९७६ चा वेठबिगारीचा कायदा आहे, हे मुकादमाला सांगून ठेवा.

फणीवाला (रावेर)
उचलीच्या वाटेला मी जात नाही. पकड वाढवायची तर कशी? २४ माणसांवर किती नजर ठेवणार?

अर्थमूळ
माणसावर नजर नको, बॉक्सवर ठेवा. तुमच्याकडे फणी कापणं, धुणं, वजन आणि भरणं अशी टेबलं असतील. प्रत्येक टेबलाला क्रमांक द्या आणि तो बॉक्सवर मारा. मग रोज प्रत्येक भरणीच्या टेबलाचे दोन बॉक्स डोळे मिटून उचलून मागे ठेवा, आणि रायपनिंग चेंबरला नेहमीसारखे पिकवून चार-पाच दिवसांनी डाग मोजा. कोणत्या टेबलाचा माल काळा पडतो ते परदेशातून फोटो यायच्या आधी कळेल. चार टेबलं असतील तर रोजचे आठ बॉक्स. ते पिकवून लोकलला विकले जातात, सगळा तोटा नाही.

दोन चुका होतात. एक, मागे ठेवायचे बॉक्स टेबलवाल्यांनाच निवडू देतात, मग चांगलेच बॉक्स येतात. दुसरी, शेतातून पॅकहाऊसपर्यंत घड आणताना पडलेला डाग टेबलावर लादला जातो. दिवसाकाठी काही फण्या धुण्याआधीच बाजूला काढून त्याही पिकवा. त्या तितक्याच काळ्या पडल्या तर दोष कापणीच्या टोळीचा किंवा गाडीचा आहे, आणि पॅकहाऊसचा रोज वाढवून काही हाती लागणार नाही.

तापीकाठ
मला अजून वाटतं की जास्त दिलं की माणसाला मालकाबद्दल आपलेपणा वाटतो आणि तो आपोआप चांगलं काम करतो. सगळं धाकावर चालत नाही.

अर्थमूळ
यात तथ्य आहे. अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये हेच म्हटलं: जास्त पगार ही एक भेट आणि चांगलं काम ही परतभेट. पण टिकतं किती? नीझी आणि लिस्ट यांनी २००६ मध्ये छापलेल्या प्रयोगात ग्रंथालयाच्या नोंदी करायला माणसं बोलावली. ठरले होते ताशी १२ डॉलर, काहींना आल्यावर अचानक २० सांगितले. पहिला दीड तास त्यांनी खरंच जास्त नोंदी केल्या. जेवणानंतर फरक राहिला नाही.

चोपडेकर_ताई
पण ते एका दिवसाचं काम होतं ना? तिथे उद्या परत त्याच मालकाकडे यायचंच नव्हतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं तीच माणसं, तोच मालक, शेजारच्या गावची सोयरीक. तो प्रयोग इथे लावू नये.

अर्थमूळ
मान्य, तो मुद्दा खुला आहे. मी एवढंच म्हणेन की भावना धरून गणित मांडू नका. आली तर वरचा नफा.

उलट बाजू मात्र जास्त पक्की आहे. एकदा ५५० केलेत आणि तीन महिन्यांनी परत ४५० वर आणलेत तर तुम्ही आजच्या जागी येणार नाही, त्याच्याही खाली जाल. म्हणून सुरुवातीलाच रोज वाढवू नका. वेगळ्या नावाने, ठरावीक मुदतीपुरता द्या.

फणीवाला (रावेर)
मग असं केलं तर? २४ पैकी ज्यांच्या हातात डाग आहे ते, म्हणजे फणी कापणारे, धुणारे आणि भरणारे, असे १० जण. त्यांनाच ५५०. बाकी बॉक्स जुळवणारे, गाडी भरणारे ४५० वरच. खर्च २६,००० वर येतो.

मुकादमाचा_पोर
पहिल्या आठवड्यात भांडण. एकाच टेम्पोतून येतात सगळे, डबा एकत्र खातात. गाडी भरणारा म्हणेल मी काय कमी घाम गाळतो?

अर्थमूळ
कागदावर तुमचा पर्याय सगळ्यात चांगला आहे. पीएफ आणि ईएसआय धरून ३०,२२५ होतात. यातून गळतीची बचत किती निघेल ते बघा, कारण सहा जाणाऱ्यांपैकी या दहातले किती असतात ते तुम्ही सांगितलेलं नाही. समजा निम्मे, तीन, आणि त्यांतले दोन थांबले तर ९,०००. उरलेले २१,२२५ भागिले १५,६००, बॉक्समागे १ रुपया ३६ पैसे. नाकारणं ०.९ टक्क्यांनी उतरलं तरी पुरतं. २.३ पेक्षा कितीतरी गाठता येण्यासारखं.

पण मुकादमाचा पोर म्हणतो तो धोका खरा आहे. शेजारच्या टेबलाशी तुलना करून जो नाराज होतो तो हात आखडता घेतो, आणि गाडी भरणाऱ्याने बॉक्स आपटला तरी डाग पडतोच. वेगळा रोज चालवायचा तर वरची जागा उघडी ठेवा: जुळवणीतला माणूस कापणी शिकून त्या टेबलावर जाऊ शकतो, अमुक इतके दिवस डागाची नोंद ठीक असेल तर. मग तफावत ही पायरी दिसते, पक्षपात नाही. एवढं करूनही भांडण होणार नाही असं मी म्हणत नाही.

चोपडेकर_ताई
आणि पैसे थेट खात्यात. टोळीचे पैसे मुकादमाकडे दिलेत तर १०० मधले ७० त्याच्याकडेच राहतील. मजुराला रोज ४८० दिसणार, आणि त्याचं पाऊल मग ४८० च्या हिशेबानेच पडणार. तुम्ही मात्र ५५० चा निकाल शोधत बसाल.

मुकादमाचा_पोर
ताई, ७० जास्त बोललात. ;) पण खोटं नाही.

जिनिंग_दोंडाईचा
एक शंका. फणीवाल्यांनी ५५० केले आणि शेजारच्या पॅकहाऊसनेही केले तर? केळीच्या तेजीत तर महिन्याभरात सगळे करतील.

अर्थमूळ
मग बाजारच ५५० झाला. तुमच्याकडून काढून टाकलं तरी दुसरीकडे ५५० मिळणार, धाक गेला आणि खर्च राहिला. शापिरो-स्टिग्लिट्झ यांचं उत्तर असं की सगळ्यांनी रोज वाढवले की सगळ्यांना मिळून कमी माणसं परवडतात, काही लोक बाहेर राहतात, आणि मग धाक रोजातल्या फरकाचा न राहता रिकामं बसण्याचा होतो. पण रावेर-यावल पट्ट्यात कापणीच्या भरात माणसंच कमी पडतात, बाहेर रांग नसते. म्हणून इथे ते उत्तर हंगामात लागू पडेल असं मला वाटत नाही. मंदीच्या महिन्यांत कदाचित.

तापीकाठ
म्हणजे तेजीत जादा देणं वाया?

अर्थमूळ
धाकाच्या बाजूने बरंचसं वाया. गळतीच्या बाजूने नाही, कारण तेजीत सोडून गेलेल्या माणसाच्या जागी १२ दिवस शिकणारा येतो आणि नेमके तेच दिवस महागाचे असतात. त्या वेळी रोजापेक्षा नियमित कामाचा शब्द जास्त वजनदार ठरू शकतो: मंदीतही महिन्याला किमान २० हजेऱ्या. त्याचा खर्च वेगळा काढावा लागेल, आणि तो मंदीत किती माल येतो यावर अवलंबून आहे.

फणीवाला (रावेर)
ठीक. आधी महिनाभर टेबलांना क्रमांक आणि रोजचे आठ बॉक्स मागे, रोज आहे तोच. धुण्याआधीच्या फण्याही वेगळ्या पिकवतो. डाग कापणीत पडतोय की टेबलावर हे कळलं की दहा जणांना 'हात भत्ता' म्हणून १०० चालू, मुदत तीन महिने, थेट खात्यात. गाडी भरणाऱ्यांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. आणि सोडून जाणाऱ्या सहांपैकी कोण कुठल्या टेबलाचा होता हे आजवर लिहिलंच नव्हतं, ते हजेरीपुस्तकात आजपासून.

मुकादमाचा_पोर
गाडी भरणाऱ्यांना खाली गोणपाट टाकून द्या आधी. अर्धे डाग तिथेच जातील, फुकटात.